गल्लीभर पताका शिवणाऱ्या म्हाताऱ्या शिंप्याची कथा कशी लिहावी

दरवर्षी सणाला अख्ख्या गल्लीसाठी पताका शिवून देणारा एक म्हातारा शिंपी. लघुकथेसाठी हा विषय घेतला की पहिल्या तासाभरात बहुतेकांच्या वहीत सारख्याच गोष्टी येतात: जाड काचांचा चष्मा, पायमशीनची खडखड, सुईत दोरा ओवून देणारं शेजारचं पोर, आणि शेवटी या वर्षी बंद असलेलं दुकान. गल्ली हळहळते आणि कथा संपते. खरं तर ती शिंप्याच्या बरीच आधी मेलेली असते.

यात म्हातारपण भरपूर आहे आणि सण भरपूर आहे, पण शिवणकाम कुठेच नाही. हा माणूस नेमकं काय करतो, कापड कसं कापतो, कुठल्या क्रमानं शिवतो, हे लेखकाला ठाऊक नसतं. म्हणून कथेत काही घडवायची वेळ आली की त्याला आजारपणाकडे नाहीतर मृत्यूकडे धाव घ्यावी लागते. पुढची पद्धत उलट्या टोकानं जाते. आधी पताकांचं काम कागदावर पुरं करायचं, त्या कामात म्हातारपण कुठे आडवं येईल ते शोधायचं आणि कथा तिथेच उभी करायची. दीड-दोन हजार शब्दांच्या कथेसाठी एवढं साहित्य पुरून उरतं.

आधी ‘दरवर्षी’चा बंदोबस्त

‘दरवर्षी’ ही सवय असते, आणि सवयीची कथा होत नाही. सवय मोडते त्या वर्षाची होते. म्हणून पहिला निर्णय असा की कथा एकाच वर्षाची, शक्यतो एकाच संध्याकाळची ठेवायची. मागची सगळी वर्षं दोन-तीन वाक्यांत उरकता येतात.

या वर्षी वेगळं काय झालं, याचं उत्तर मात्र अजून लिहू नका. आत्ता लिहिलंत तर ते बाहेरून आणलेलं असेल: मुलगा त्याला शहरात न्यायला आला, रस्ता रुंद करायचा म्हणून दुकान पाडणार, बाजारात प्लास्टिकच्या तयार पताका आल्या. यांतलं काहीही खोटं नाही. पण शिंप्याच्या जागी कुंभार किंवा सुतार ठेवला तरी ते तसंच चालतं. आपल्याला फक्त पताका शिवणाऱ्याच्याच बाबतीत घडू शकेल असं काहीतरी हवंय.

गल्ली मोजा

कागद घ्या आणि गल्ली आखा. समजा, गल्ली ४० मीटर लांब आणि ४ मीटर रुंद आहे. पताकांच्या माळा एका बाजूच्या घरावरून समोरच्या बाजूला तिरक्या जातात, तिथून परत अलीकडे येतात. दर ५ मीटरवर एक खिळा धरला तर ८ तिरक्या माळा लागतात. ५ मीटर पुढे आणि ४ मीटर आडवं म्हणजे प्रत्येक तिरकी रेघ साधारण ६.४ मीटरची होते.

माळ ताणून बांधली तर वाऱ्यात गाठ सुटते किंवा पट्टी फाटते, म्हणून तिला मधोमध झोळ देतात. या झोळाला किती जास्त लांबी लागत असेल? बहुतेक जण मीटरभर तरी सांगतील. प्रत्यक्षात ६.४ मीटरच्या अंतरात अर्धा मीटर झोळ द्यायला जेमतेम १० सेंटिमीटर जास्त पुरतात. दोन्ही टोकांना बांधायला वीत-वीतभर मोकळी पट्टी सोडली की एक माळ जवळपास सात मीटरची होते. हे शिंप्याला गणित न करता माहीत असतं. दरवर्षी खिळे तेच असतात आणि त्याच्याकडे एका दोरीवर मारलेली गाठ असते.

शिंपी इंचांत विचार करतो, म्हणून आपणही आता इंचांत येऊ. एक पताका म्हणजे वर ८ इंच रुंद आणि खाली १० इंच उतरणारा त्रिकोण. दोन पताकांमध्ये २ इंच मोकळी जागा. म्हणजे एका पताकेमागे १० इंच, आणि एका माळेत २५ पताका. आठ माळांच्या २०० झाल्या. रंग पाच घेऊ आणि त्यांचा क्रम ठरवून टाकू: लाल, हिरवा, पिवळा, निळा, पांढरा. एका माळेत हा फेरा पाच वेळा येतो. क्रम पक्का ठरवणं गरजेचं आहे, ते का हे पुढे कळेल.

आता कापड कापा

इथे वेळ काढा, कारण कथा याच टेबलावर सापडते.

कापडाचा पन्हा ३६ इंचांचा. शिंपी पन्ह्याच्या दिशेनं साडेदहा इंच उंचीची एक पट्टी आखतो, कारण वरचा अर्धा इंच माळेच्या पट्टीच्या दुमडीत जाणार. पुठ्ठ्याचा त्रिकोण ठेवून खडूनं रेघ मारायची, मग तोच त्रिकोण उलटा करून शेजारी ठेवायचा. एक सुलटा, एक उलटा असं करत गेलं की मध्ये कापड वाया जात नाही आणि एका पट्टीत ८ पताका बसतात. फुलाफुलांचं कापड घेतलं तर यातली निम्मी फुलं डोक्यावर उभी राहतील, म्हणून पताकांना साधा रंगीत कपडा बरा.

एका रंगाच्या ४० पताका हव्यात, म्हणजे प्रत्येक रंगाच्या ५ पट्ट्या. शिंपी प्रत्येक रंग वेगळा कापत बसत नाही. पाच रंगांच्या पाच पट्ट्या एकमेकींवर अंथरतो आणि एकदम कापतो. अंथरताना तो माळेतला क्रमच धरतो: वर लाल, त्याखाली हिरवा, मग पिवळा, निळा, सगळ्यांत खाली पांढरा. कापून झालं की आठ थप्प्या तयार होतात आणि प्रत्येक थप्पी म्हणजे रंगांचा एक पुरा फेरा असतो. शिवताना निवडानिवड करावी लागत नाही. वरून एक उचलायची, पट्टीच्या दुमडीत सरकवायची, टीप मारत पुढे जायचं. दोरा मध्ये तोडायचाच नाही.

प्रत्येक रंगाच्या पाचही पट्ट्या एकाच दिवशी कापता आल्या असत्या. पण सणाच्या तोंडावर त्याचं टेबल गिऱ्हाइकांच्या कपड्यांनी अडलेलं असतं. म्हणून तो रोज रात्री दुकान बंद करताना टेबल मोकळं करून एकच लाट, म्हणजे पाच रंगांच्या पट्ट्यांचा एक गठ्ठा, कापतो. पाच रात्री, पाच लाटा, रोज पाव तास. सहाव्या रात्री मशीनवर बसतो.

वेळेचा हिशेब करा म्हणजे एक मोठा भ्रम फिटेल. एका पताकेला अर्धा मिनिट धरला तरी २०० पताका पावणेदोन तासांत शिवून होतात. कापणं धरून सगळं काम साडेतीन तासांच्या आत आटोपतं. ‘महिनाभर राबून पताका शिवणारा म्हातारा’ हे चित्र शिवणकाम न पाहिलेल्या माणसाचं आहे. चाळीस वर्षं मशीन चालवलेल्या माणसाला हे सहज जमणारं काम असतं, आणि कथेत ते तसंच दिसलं पाहिजे. त्यानं त्याग केला, झिजला, असं काही लिहायची गरज नाही.

पट्टीच्या टोकांना काय उरतं तेही बघा. आठ त्रिकोण बसवल्यावर पन्ह्याच्या दोन्ही काठांना अर्धा-अर्धा त्रिकोण शिल्लक राहतो. दोन्ही तुकड्यांची सरळ बाजू म्हणजे कापडाचा काठ, तो उसवत नाही. त्यातला एक तुकडा पालथा घालून दोन्ही सरळ बाजू एकमेकींना जोडल्या की आणखी एक पताका होते. साध्या रंगाला उलट-सुलट बाजू नसल्यानं हे चालून जातं. मधोमध शिवण, इतरांपेक्षा अर्धा इंच अरुंद आणि किंचित बुटकी. प्रत्येक पट्टीतून अशी एक निघते. एकूण पट्ट्या २५, म्हणजे जोडाच्या पताकाही २५, आणि २५ पताकांची होते बरोबर एक माळ.

गल्लीला आठ माळा लागतात. ही नववी कुठे जाते? शिंप्याच्या स्वतःच्या दारावर. हे मी कथेसाठी बेतलेलं नाही, कापडाच्या हिशेबातून आपोआप निघालं. भावूक लेखक ‘प्रत्येक घराच्या कपड्यातली कातरणं जपून ठेवून त्यांच्या पताका केल्या’ असं लिहितो. ती कल्पना इतकी सहज सुचते की वाचकाला ती पहिल्या पानावरच दिसलेली असते. नववी माळ तशी दिसत नाही. शिंप्याच्या दारावर उरलेल्या तुकड्यांच्या, जोड दिलेल्या पताका आहेत, एवढंच लिहा आणि पुढे चला.

म्हातारपण कुठे आडवं येईल?

आता हे काम पुन्हा एकदा सुरुवातीपासून बघा आणि प्रत्येक पायरीवर विचारा: इथे सत्तरीच्या माणसाचं काय चुकेल?

सुईत दोरा ओवणं सोडून द्या, ते झिजलेलं आहे. कात्री जड असते, अंगठ्याचा सांधा दुखू शकतो. पण दुखणं वाचकाला सांगावं लागतं, ते पताकेवर उमटत नाही. शिलाई वाकडी जाईल का? क्वचितच. टीप सरळ ठेवायला त्याला नजर लागत नाही, बोटांना सवय असते.

रंग अंथरणं मात्र डोळ्यांचंच काम आहे. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळा प्रकाश अडवायला लागतं. मोतीबिंदूत हे आणखी वाढतं. गडद निळा आणि गडद हिरवा यांच्यातला फरक पुसट होतो, आणि पिवळ्या दिव्याखाली तर जवळजवळ जातोच. कथाकाराच्या कामाची गोष्ट अशी की हा बदल इतक्या सावकाश होतो की त्या माणसाला स्वतःला तो कळत नाही. तो काही लपवत नसतो. ‘डोळे गेले हे त्यानं सगळ्यांपासून लपवून ठेवलं होतं’ हा झिजलेला धागा आपोआप गळून पडतो.

म्हणजे चूक अशी: पाचव्या रात्री, उशिरा, दिव्याखाली कापड अंथरताना हिरवा आणि निळा यांची अदलाबदल झाली. ही चूक पताकांमध्ये कशी उतरेल ते नीट मोजा, कारण कथेचा कणा तोच आहे.

एका लाटेत आठ थप्प्या, म्हणजे आठ फेरे. पहिल्या चार लाटांचे ३२ फेरे बरोबर आहेत. एका माळेत पाच फेरे, म्हणून सहा माळा पूर्ण बरोबर आणि सातव्या माळेतले पहिले दोन फेरे, म्हणजे दहा पताका, बरोबर. अकराव्या पताकेपासून फेरा बदलतो: लाल, निळा, पिवळा, हिरवा, पांढरा. आठवी माळ तर सगळीच तशी. आठव्या माळेत कोणाला काही खटकणार नाही, कारण तिच्यात तो क्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच आहे. चूक दिसते ती फक्त सातव्या माळेत, एका ठिकाणी. जोडाच्या तुकड्यांचंही तेच. नवव्या माळेतल्या शेवटच्या पाच पताका पाचव्या लाटेच्या आहेत.

हात थरथरून झालेली चूक कुठेही, कशीही होते. ही तशी नाही. तिला सुरुवात आहे, आकार आहे, आणि काम जाणणारा माणूस ती एका जागेवरून वाचू शकतो. कथेत तो माणूस एकच आहे.

कोण बघतं

सांगणारा शिंपी असू नये, कारण त्याला चूक दिसतच नाही. वरून सगळं जाणणारा निवेदक घेतला तर तो भिंगाचं पिवळेपण समजावत बसेल. सगळ्यांत सोपं पडतं ते माळा बांधताना खालून दोरी पुरवणारं कोणीतरी. समजा, समोरच्या घरातली अकरा-बारा वर्षांची मुलगी, सुमी. दरवर्षी शिडीवरच्या बाबांना माळ सोडत जाणं हे तिचं काम. तिला रंगांचा क्रम तोंडपाठ आहे. कोणी शिकवला म्हणून नव्हे, माळ हातातून सरकताना तो ती पुटपुटत असते.

तिला शिंप्याचं वय, दुकानाचा इतिहास, त्याची बायको कधी गेली, यातलं काही माहीत नसतं, आणि म्हणून तुम्हालाही ते लिहावं लागत नाही. तृतीयपुरुषी निवेदन ठेवा, पण सुमीच्या नजरेबाहेर जाऊ नका. सगळी गल्ली त्याला ‘मास्तर’ म्हणते, कथेनंही तेच म्हणावं. ‘वृद्ध शिंपी’, ‘तो थकलेला कारागीर’ अशी विशेषणं दिसली की काट मारा.

मुख्य प्रसंग

सुरुवात माळा बांधण्यापासूनच करा. त्याच्या आधीच्या पाच रात्री, गल्लीचं वर्णन, सणाची लगबग या सगळ्याला एक परिच्छेद पुरे. मी केलेला एक खर्डा देतो. हाच प्रमाण माना असं नाही, पण काय सांगितलंय आणि काय गाळलंय ते बघा.

> “सोड,” बाबा शिडीवरून म्हणाले.
>
> सुमीनं सातवी माळ सोडायला घेतली. लाल, हिरवा, पिवळा, निळा, पांढरा. लाल, हिरवा, पिवळा, निळा, पांढरा. लाल, निळा. तिची बोटं थांबली. वर दोरी ताणली गेली.
>
> “अगं, सोड की.”
>
> “एक मिनिट, बाबा.”
>
> माळ तशीच दाराच्या कडीला अडकवून ती दुकानात गेली. मास्तर कोणाच्या तरी पोलक्याला हुक लावत होते.
>
> “मास्तर, या वर्षी रंग बदललेत का तुम्ही?”
>
> “नाही गं. का?”
>
> “सातव्या माळेत लालनंतर निळा आलाय.”
>
> मास्तरांनी पोलकं मांडीवर ठेवलं. “पहिल्या दहा बरोबर आहेत?”
>
> सुमीनं तिथपर्यंत सांगितलंच नव्हतं. “हो. अकरावीपासून.”
>
> “मग आठवी सगळीच,” मास्तर म्हणाले. त्यांनी दाराकडे पाहिलं. “आणि ह्यातल्या शेवटच्या पाच.”
>
> माळ बघायला ते उठलेसुद्धा नाहीत.

या प्रसंगात मास्तरांना एकाच क्षणी दोन गोष्टी कळतात. आपलं काम त्यांना अजून इतकं पाठ आहे की न बघता चूक सापडते. आणि ती चूक त्यांना बघूनही दिसली नव्हती. यातलं काहीच वाक्यात म्हटलेलं नाही, आणि म्हणूही नका. ‘मास्तरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला’ वगैरे लिहायचा मोह होईल. हिशेब बरोबर निघतो हेच पुरेसं बोलकं आहे. ज्या वाचकाला हिशेब जुळवता येणार नाही, त्यालाही मास्तरांनी न बघता ओळखलं एवढं कळतंच.

संवादात आणखी एक गोष्ट सांभाळा. सुमी ‘तुमचं चुकलं’ म्हणत नाही. मोठ्या माणसाला मुलं तसं म्हणत नाहीत. ती ‘बदललेत का’ विचारते, कारण मास्तर चुकू शकतात हे तिच्या डोक्यातच नाही. वाचक तिच्या अर्धं पाऊल पुढे असला म्हणजे प्रसंग बरोबर बसला.

हे जमवण्यासाठी पहिल्या परिच्छेदात दोन बिया पेराव्या लागतात: रंगांचा क्रम, आणि मास्तर पाच रंगांचे थर एकावर एक ठेवून कापतात ही माहिती. दुसरी सुमीनं रात्री खिडकीतून पाहिलेली असू द्या, म्हणजे ती माहिती म्हणून येणार नाही. “रोज रात्री दुकानाची एक फळी उघडी असायची. मास्तर टेबलावर पाच रंग एकावर एक अंथरायचे आणि कात्री घालायचे. सगळ्यांत वर लाल.” एवढं बास. लाटांची संख्या, थप्प्यांची गणितं कथेत एकदाही येता कामा नयेत. ती तुमच्या वहीत राहतात आणि मास्तरांच्या तोंडून फक्त उत्तर बाहेर पडतं.

दुरुस्ती

इथून पुढे बहुतेक खर्डे घसरतात. एक वाट अशी की गल्ली म्हणते ‘असू द्या मास्तर, छान दिसतंय’, सगळे टाळ्या वाजवतात. दुसरी वाट अशी की मास्तर मशीनला कुलूप घालून ‘आता पुरे’ म्हणतात. पहिलीत त्यांच्या कामाचा अपमान आहे, कारण त्यांना ते छान दिसत नाही, त्यांना ते चुकलेलं माहीत आहे. दुसरी वाट एका चुकीला फार मोठी शिक्षा देते.

शिंपी चूक सापडल्यावर काय करतो? उसवतो. आठ फेऱ्यांत प्रत्येकी एक हिरवी आणि एक निळी, म्हणजे १६ पताका काढून जागा बदलायच्या. पट्टीची टीप दुसऱ्या पताकेच्या अलीकडून चौथीच्या पलीकडेपर्यंत ब्लेडनं उघडायची, पताका बदलायच्या, पुन्हा टीप मारायची आणि दोन्ही टोकांना मशीन मागेपुढे करून टाका पक्का करायचा. तासाभराचं काम. माळा बांधायच्या खोळंबतात, बाबा शिडीवरून उतरून चहाला जातात.

आता प्रश्न असा की बदलताना हिरवी कुठली आणि निळी कुठली हे मास्तरांना कोण सांगणार? इथे कथेतलं नातं बदलतं आणि तेही कामातूनच. मास्तर ब्लेड सुमीच्या हातात देतात. आजवर त्यांनी तिला दुकानातल्या कुठल्याच धारेला हात लावू दिलेला नाही, याचा उल्लेख आधी कुठेतरी ओझरता येऊ द्या. ती उसवते, पताका ओळीनं मांडते, ते शिवतात.

> “आता दे,” मास्तर म्हणाले.
>
> सुमीनं पताका दिली. त्यांनी ती दुमडीत सरकवली आणि पायाला गती दिली. दुसरी दिली. तीही. तिसऱ्या वेळी त्यांनी हात पुढे केला आणि तसाच ठेवला.
>
> “हिरवी,” सुमी म्हणाली.
>
> “हं,” मास्तर म्हणाले, आणि घेतली.

ती रंगाचं नाव का घेते, हे तिला कळलंय की नाही, ते लिहू नका. त्यांनी विचारलेलं नाही, हेही अधोरेखित करू नका.

एक व्यावहारिक अडचण इथे सोडवून टाका, नाहीतर वाचक शेवटपर्यंत तीच घेऊन बसेल: मोतीबिंदूचं तर ऑपरेशन होतं, मग मास्तर करून का घेत नाहीत? ही शंका रास्त आहे, कारण भिंग बदललं की निळा रंग पुन्हा स्पष्ट दिसू लागतो. म्हणून कथेनं ही चूक म्हणजे त्यांच्या कारागिरीचा अंत असल्याचा आव आणू नये. चहा पिऊन परतलेल्या बाबांच्या तोंडी “मास्तर, सण झाला की डोळे दाखवून घ्या एकदा” आणि त्यावर मास्तरांचं “बघू” एवढं घाला. या कथेचा विषय एका संध्याकाळी दोन माणसांनी मिळून केलेली दुरुस्ती हा आहे. पुढच्या वर्षी मास्तरांना सगळं लख्ख दिसेल, तरी ती संध्याकाळ झालेलीच असते.

शेवट

सोळा पताका बदलून झाल्या, सातवी-आठवी माळ वर गेली. नववी मास्तरांच्या दारावर आधीच लागलेली आहे आणि तिच्यातल्या शेवटच्या पाचांत अजून चूक आहे. शेवट इथे सापडतो, आणि निवड मास्तरांची असते. माझ्या खर्ड्यात सुमी ब्लेड घेऊन स्टुलावर चढायला निघते आणि मास्तर म्हणतात, “ती राहू दे. ती आपली घरची.” मग ते पोलकं पुन्हा हातात घेतात, कारण त्याचं गिऱ्हाईक यायचं आहे.

हा शेवट सगळ्यांना पटेल असं नाही. ज्या माणसानं गल्लीसाठी दुरुस्ती केली, तो स्वतःच्या दारावरची चूक ठेवेल का, असा आक्षेप येऊ शकतो. मला वाटतं, ठेवेल. ती माळ मुळातच जोडाच्या, बुटक्या पताकांची आहे, आणि शिंप्याच्या घरातले कपडे सगळ्यांत शेवटी शिवले जातात हे कोणालाही ठाऊक असतं. पण तुमचा मास्तर जास्त काटेकोर असेल तर त्याला ती उतरवायला लावा. फक्त त्यानंतर सणाच्या दिवसाचं वर्णन, वाऱ्यावर फडफडणाऱ्या पताका, खाली नाचणारी मुलं यांतलं काही जोडू नका. शेवटचं वाक्य दुकानाच्या आतच राहू द्या.

दुसरा हात

पहिला खर्डा दोन-तीन दिवस बाजूला ठेवा. मग फक्त क्रियापदांवरून नजर फिरवा. मास्तर कथेत अंथरतात, कापतात, दुमडतात, सरकवतात, शिवतात की आठवतात, हरवतात, हळवे होतात? दुसऱ्या गटातली क्रियापदं पहिल्यापेक्षा जास्त निघाली तर त्या वाक्यांच्या जागी कामाची वाक्यं घाला. बहुतेक वेळा कथेची लांबीही कमी होते.

मग आकडे तपासा. सातवी माळ, अकरावी पताका आणि १६ पताका हे तीन आकडे एकमेकांना बांधलेले आहेत. तुम्ही गल्ली लांब केलीत किंवा सहावा रंग घातलात तर तिन्ही बदलू शकतात. वाचक मोजणार नाही म्हणून सोडून देऊ नका. मोजणारा एखादा असतोच, आणि मास्तरांचं न बघता ओळखणं त्याच्यासाठी खोटं ठरलं की सगळी कथा ढासळते. कागदावर पाच-पाच खुणांच्या ओळी मारून एकदा पडताळून पाहा, दहा मिनिटांचं काम आहे.

शेवटी कथा शिवणकाम येणाऱ्या कोणाला तरी वाचायला द्या, साहित्यातलं कळणाऱ्याला नंतर. त्यांना कथा आवडली का हे विचारू नका, कुठलं काम असं होत नाही हे विचारा. उत्तरं फार कामाची मिळतात. कोणी सांगेल की माळेच्या मधोमधली टीप उसवली तर शेजारच्या पताकाही सैल होतात, म्हणून आधी दोन्ही कडेला टाका पक्का करून मगच मधली टीप उघडतात. मग तुमच्या कथेतही मास्तर ब्लेड देण्याआधी माळ मशीनखाली धरून ते दोन टाके घालून घेतील, आणि सुमीला तेवढा वेळ हात मागे बांधून उभं राहावं लागेल.